सबटायटल सुरुवातीला जुळतात आणि शेवटी घसरतात: परदेशी पाठवलेल्या शॉर्टफिल्मचं टायमिंग कसं दुरुस्त करायचं

महोत्सवाकडून मेल येतो: सबटायटल सिंकमध्ये नाहीत, दोन दिवसांत दुरुस्त फाइल पाठवा. आपल्या लॅपटॉपवर तीच फिल्म आणि तीच एसआरटी फाइल चालवली तर सगळं जागच्या जागी. मी ठाण्यात सबटायटलचं काम करते आणि ही तक्रार माझ्याकडे सतत येते. बहुतेक वेळा इथली फाइलही बरोबर असते आणि तिथली तक्रारही खरी असते. मधल्या प्रवासात फिल्मची लांबी बदललेली असते आणि ते कोणी कोणाला सांगितलेलं नसतं.

नुकतंच असं एक काम हातात आलं, त्याचेच आकडे घेऊन सांगते. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात शूट झालेली, कोळी बोलीतली बरोबर १८ मिनिटांची फिल्म. कॅमेऱ्यावर आणि एडिटमध्ये सेकंदाला २५ फ्रेम. युरोपातल्या एका महोत्सवाने सेकंदाला २४ फ्रेमची डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, मागितली. एका लॅबने ती करून दिली आणि दिग्दर्शकाने आपल्याजवळची इंग्रजी एसआरटी सोबत जोडून पाठवली. तक्रार आल्यावर त्याच्या मित्राने पहिला संवाद ऐकला, सबटायटल ११.७ सेकंद आधी येतंय असं पाहिलं, सगळी फाइल तेवढीच पुढे सरकवली आणि पुन्हा पाठवली. दुसरा मेल आला. दिग्दर्शकाचा मला फोन आला तेव्हा तो म्हणत होता, "ताई, सुरुवात आता एकदम बरोबर आहे, पण शेवटच्या सीनमध्ये बाई रडतेय आणि खाली आधीच श्रेयनामावलीतलं गाणं येतंय."

या एका वाक्यात निदान होतं. सुरुवात जुळवूनही शेवट चुकतो, म्हणजे घोटाळा नुसता सरकण्याचा नाही, चूक वाढत जाते आहे.

म्हणून काहीही दुरुस्त करण्याआधी मोजा. तिथे जी फिल्म दाखवली जाणार आहे, नेमकी तीच हवी. डीसीपी साध्या प्लेअरवर नीट चालत नाही, पण `DCP-o-matic Player` फुकट मिळतो. नाहीतर लॅबला सांगायचं, डीसीपी ज्या फाइलवरून केली त्याच लांबीची एक हलकी एमओव्ही किंवा एमपी४ द्या. मग तीन संवाद निवडायचे: एक सुरुवातीचा, एक मधला, एक अगदी शेवटचा. शांततेनंतर सुरू होणारे संवाद घ्यावेत, शक्यतो प, ब, क, ट अशा ठसठशीत अक्षराने सुरू होणारे आणि ओठ दिसत असलेले. समुद्राच्या आवाजात विरघळणारी ओळ घेतली तर पाव सेकंदाचा अंदाज तिथेच चुकतो. प्रत्येक संवादाची दोन टिपणं हवीत: एसआरटीत लिहिलेली वेळ, आणि महोत्सवाच्या प्रतीत तो शब्द खरोखर कानावर येतो ती वेळ.

दिवाळ्याच्या फिल्ममध्ये मूळ एसआरटीत पहिली ओळ ४० सेकंदांवर होती, आवाज आला ५१.७ वर. मधली ओळ ९ मिनिटांवर, आवाज ९ मिनिटं ३२.५ सेकंदांवर. शेवटची १७ मिनिटं १२ सेकंदांवर, आवाज १८ मिनिटं ५ सेकंदांवर. फरक पाहा: ११.७, मग ३२.५, मग ५३ सेकंद. फरक वाढतोय आणि एकाच चालीने वाढतोय.

आता पहिल्या आणि शेवटच्या ओळीतलं अंतर दोन्हीकडे काढायचं. एसआरटीत ते १०३२ वजा ४०, म्हणजे ९९२ सेकंद. प्रतीत १०८५ वजा ५१.७, म्हणजे साधारण १०३३.३ सेकंद. दुसऱ्याला पहिल्याने भागा: १.०४१७. हा आकडा ओळखीचा झाला पाहिजे, कारण २५ भागिले २४ म्हणजे तोच. लॅबने फिल्मच्या मधे एकही फ्रेम घातली नाही, गाळली नाही. सेकंदाला २५ ने चालणाऱ्या २७,००० फ्रेम सेकंदाला २४ ने चालवल्या. त्यामुळे १८ मिनिटांची फिल्म १८ मिनिटं ४५ सेकंदांची झाली. दर मिनिटाला अडीच सेकंदांची घसरण. हे कानालाही कळतं: नुसता वेग कमी केलेला असेल तर माणसांचे आवाज किंचित जड येतात. लॅबने आवाजाची पट्टी सावरून घेतली असेल तर ही खूण मिळत नाही, म्हणून आकड्यावरच विसंबावं.

मग उरतात ते १० सेकंद. पहिल्या ओळीचे ४० सेकंद २४ च्या गतीने ४१.७ होतात, प्रत्यक्षात आवाज ५१.७ वर आहे. लॅबने फिल्मच्या आधी १० सेकंदांचा काळा पडदा घातला होता. म्हणजे दोन वेगवेगळे बिघाड एकावर एक बसले होते. मित्राने ११.७ ने सरकवलं तेव्हा पहिली ओळ जुळली आणि शेवटची तरीही ४१ सेकंद आधीच येत राहिली.

प्रतीबद्दल शंका असेल तर एका कमांडने खात्री होते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
 -show_entries stream=r_frame_rate,duration,nb_frames \
 -of default=nw=1 film.mov

r_frame_rate=24/1
duration=1135.000000
nb_frames=27240
```

११३५ सेकंद म्हणजे १८ मिनिटं ५५ सेकंद: ४५ सेकंद गतीचे आणि १० काळ्या पडद्याचे. हिशोब बसला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर चांगली फाइल बिघडवाल. एसआरटीला फ्रेम माहीत नसतात. ती तास, मिनिटं, सेकंद आणि मिलिसेकंद एवढंच जाणते. त्यामुळे फिल्म २५ ची २४ झाली एवढ्यावरून एसआरटी बदलायची नसते. काही लॅब दर सेकंदाला एक फ्रेम गाळून २५ चे २४ करतात. अशा प्रतीची लांबी १८ मिनिटंच राहते, आवाजाला हात लागत नाही आणि जुनी एसआरटी जशीच्या तशी चालते. चित्राच्या संथ पॅनमध्ये मात्र बारीक धक्के दिसतात. म्हणून लॅबला "किती फ्रेमवर केलं?" एवढंच विचारून भागत नाही. "तयार प्रतीची लांबी किती, आणि पुढे काही जोडलंय का?" हे विचारा. या दोन उत्तरांवर सगळी दुरुस्ती ठरते.

दुरुस्ती `Subtitle Edit` मध्ये पाच मिनिटांची आहे. मूळची, कोणी न सरकवलेली एसआरटी उघडा. `Synchronization` मेन्यूत `Change frame rate` घ्या, २५ वरून २४ द्या. लगेच शेवटच्या ओळीची वेळ पाहा: ती १७:१२ वरून १७:५५ ला गेली पाहिजे. अलीकडे आली असेल तर आकडे उलटे पडलेत, `Ctrl+Z` करून पुन्हा द्या. त्यानंतर `Adjust all times` मधून सगळ्या ओळी १० सेकंद पुढे. क्रम हाच ठेवा. आधी १० सेकंद सरकवून मग गती बदलली तर ते १० सेकंदही ताणले जातात, १०.४ होतात, आणि सगळी फाइल जवळपास अर्धा सेकंद उशिरा धावते. हे दोन्ही एकदम करायचं तर त्याच मेन्यूत `Point sync` आहे: पहिल्या आणि शेवटच्या ओळीची खरी वेळ दिली की मधलं सगळं तोच हिशोब करून बसवतो. पण तो वापरतानाही गुणोत्तर आधी हाताने काढावं, असं माझं ठाम मत आहे. दोन टोकं जुळवून देणाऱ्या साधनाला मधे एखादा सीन कापलाय हे कळत नाही.

मोजलेला फरक नेहमी अशा सरळ रेषेतच वाढतो असं नाही. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच निघाला तर फक्त पुढे काहीतरी जोडलंय किंवा काढलंय; नुसतं सरकवा. फरक नेमका एक तास असेल तर एडिटची टाइमलाइन ०१:०० तासापासून सुरू होते आणि एक्सपोर्ट करताना तो तास फाइलमध्ये उतरलाय. सहा मिनिटांपर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे कायम ३ सेकंदांचा फरक असेल, तर सबटायटल झाल्यावर कोणीतरी सीन कापला आहे. तिथे गतीला हात लावू नका. ज्या ओळीपासून फरक सुरू होतो ती शोधा आणि तिथून पुढच्याच ओळी निवडून सरकवा.

१८ मिनिटांच्या शेवटी सबटायटल फक्त एक सेकंद लवकर येत असेल, तर २४ आणि २३.९७६ यांची गल्लत समजावी. २३.९७६ च्या टाइमलाइनवरचा टाइमकोड घड्याळापेक्षा हजारात एक इतका मागे पडतो, तासाला ३.६ सेकंद. तो टाइमकोड पाहून कोणी वेळा हाताने लिहिल्या असतील तर एवढीच घसरण येते. लहान फिल्ममध्ये ती पहिल्या निम्म्यात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक प्रकार मी आवर्जून सांगते, कारण तो पाहून भलेभले गोंधळतात. काही ओळी अचूक, काही अर्धा सेकंद लवकर, काही जवळपास एक सेकंद लवकर, आणि त्याला काही क्रम नाही. उशिरा मात्र एकही नाही. अनुवाद एक्सेलमध्ये झाला असेल तर हे हमखास होतं. टाइमकोडचा शेवटचा आकडा फ्रेमचा असतो, एसआरटीचा मिलिसेकंदांचा. २५ च्या टाइमलाइनवर `00:03:12:24` म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद आणि २४ फ्रेम, एसआरटीत ते `00:03:12,960` व्हायला हवं. कोणीतरी ते `00:03:12,024` असं टाइप करतं आणि ओळ ९३६ मिलिसेकंद आधी येते. फाइल उघडून स्वल्पविरामानंतरचे आकडे वरून खाली वाचत जा. एकही आकडा ०२४ च्या वर जात नसेल तर दुसरा पुरावा नको. शेवटच्या आकड्याला ४० ने गुणलं की दुरुस्त. २४ च्या टाइमलाइनला १००० भागिले २४ ने.

दिवाळ्याच्या फिल्मचं गणित असं सुटलं, फाइल गेली, आणि महोत्सवातून तिसरा मेल आला. आता वेळा बरोबर आहेत, पण काही ठिकाणी सबटायटल पुढे धावतात आणि काही वाचून होत नाहीत. इथे मोजणी संपते आणि अनुवाद सुरू होतो, पण तक्रार करणाऱ्याला ते वेगळं दिसत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही "सिंक नाही" हेच असतं.

वाचून न होणारी ओळ आधी घेऊ. मासळी विकणारी बाई एका दमात म्हणते, "सकाळपासून टोपली डोक्यावर घेऊन फिरतेय, एक गिऱ्हाईक थांबलं नाही, आणि तू भाव पाडायला आलास?" (बोली इथे सोपी करून लिहिली आहे.) हे बोलायला तिला ३.२ सेकंद लागतात. अनुवादकाने प्रामाणिकपणे सगळं आणलं होतं:

```
I've been walking around since morning with a basket on my head,
not a single customer has stopped,
and you've come here to bring down the price?
```

ही १४३ अक्षरं आहेत, रिकाम्या जागा धरून. सेकंदाला ४५. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमावलीत प्रौढांच्या कार्यक्रमांना सेकंदाला २० अक्षरांपर्यंत मुभा आहे आणि एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी. मी महोत्सवाच्या फिल्मला १७ च्या आसपासच थांबते. परदेशी सभागृहात बसलेले बरेच प्रेक्षक इंग्रजी दुसरी भाषा म्हणून वाचत असतात, आणि त्यांना कोळीवाड्यातल्या चेहऱ्यांकडेही पाहायचं असतं. ३.२ सेकंदांत १७ च्या दराने ५४ अक्षरं मिळतात. तेवढ्यात काय ठेवायचं हे चित्र पाहून ठरतं. टोपली डोक्यावर दिसतेच आहे, फिरणं मागच्या सीनमध्ये येऊन गेलंय. उरतो तिचा संताप:

```
All morning, not one buyer.
And you want to haggle?
```

५० अक्षरं. सेकंदाला साडेपंधरा. ओळ आता वाचून होते आणि नजर तिच्या तोंडाकडे परत जाते. दिग्दर्शकाला असं कापलेलं पहिल्यांदा बोचतं, ते साहजिक आहे. त्याने तो संवाद शब्दाशब्दाने लिहिलेला असतो. अशा वेळी आवाज बंद करून दोन्ही प्रती त्याला एकामागून एक दाखवाव्यात. बहुतेक वेळा तोच छोटी ओळ निवडतो.

२५ ची २४ केलेल्या फिल्ममध्ये या बाबतीत थोडा फायदाच होतो. सगळे संवाद चार टक्के लांबतात, म्हणून वाचायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. उलट दिशेने, २४ ची फिल्म कुठल्या वाहिनीसाठी २५ वर गेली, तर आधीच काठावर असलेल्या ओळी काठाबाहेर जातात. त्या वेळी गती बदलल्यावर `Subtitle Edit` मधला प्रत्येक ओळीचा अक्षर-दर पुन्हा पाहावा लागतो.

"पुढे धावणारी" ओळ त्याहून नाजूक. शेवटच्या सीनमध्ये मुलगी म्हणते, "बाबा गेले तेव्हा मी तिथे..." थांबते, खाडीकडे पाहते, मग म्हणते, "नव्हते." पूर्ण फिल्म त्या शेवटच्या शब्दावर उभी आहे. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो. इंग्रजीत तो आधी येतो, आणि फाइलमध्ये एकच ओळ होती: `I wasn't there when Baba died.` ही ओळ पहिल्या अक्षराला बरोबर जुळून येत होती, तरी प्रेक्षकाला तिचं दुःख तिच्या आधी चार सेकंद कळत होतं. टायमिंगचं कुठलंही साधन ही चूक दाखवत नाही.

इलाज असा की इंग्रजी वाक्य मराठी क्रमाने उलटं करायचं आणि थांबण्याच्या जागी दोन सबटायटलमध्ये तोडायचं:

```
112
00:17:31,000 --> 00:17:33,280
When Baba died...

113
00:17:35,360 --> 00:17:36,900
I wasn't there.
```

मधल्या दोन सेकंदांत पडदा रिकामा राहतो. तो रिकामाच राहू द्या. दुसरी ओळ "नव्हते" च्या पहिल्या आवाजावर यायला हवी, एक फ्रेमही आधी नको. शब्द संपल्यावर ती साधारण अर्धा सेकंद रेंगाळली तर चालते, पण पुढचा शॉट लागला की त्या आधी जायला हवी. कटच्या पलीकडे चार-पाच फ्रेम लटकलेली ओळ डोळ्याला नवीन ओळ वाटते आणि माणूस ती पुन्हा वाचू लागतो. पूर्ण फिल्ममध्ये अशा जागा फार नसतात. जिथे पात्र वाक्याच्या मध्ये थांबतं आणि क्रियापद उशिरा बोलतं, तेवढ्याच शोधायच्या. बाकी ठिकाणी सरळ इंग्रजी क्रम ठेवावा, नाहीतर भाषा कृत्रिम होते.

एका सीनमध्ये मात्र तडजोडच करावी लागली. धक्क्यावर लिलाव चालू आहे आणि चार बायका एकाच वेळी बोलतात. चौघींचं सगळं लिहिलं तर पडदा शब्दांनी भरेल. कथा पुढे नेणारं एकीचंच बोलणं ठेवलं, बाकी गलका कानावर सोडला. दिग्दर्शकाला त्यातल्या आजीचा एक टोमणा हवाच होता. तो अर्ध्या सेकंदात संपतो आणि लगेच दुसरीचा संवाद लागतो. सबटायटल पडद्यावर किमान एका सेकंदाच्या जवळपास तरी राहायला हवं, नाहीतर ते नुसतं चमकून जातं. टोमणा गाळावा लागला.

फाइल पुन्हा पाठवण्यापूर्वी ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली आहे ना, हे पाहा; नाहीतर तीन टिंबं आणि वळणदार अवतरणचिन्हं तिकडे चौकोन होऊन उमटतात. महोत्सवाला २५ ची डीसीपी चालते का, हेही पुढच्या वेळी आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी चालते आणि मग गतीचा प्रश्नच उद्भवत नाही. एसआरटीच्या नावात लांबी लिहिण्याची सवय लावा: `film_EN_24fps_18m55s_v3.srt` असं नाव पाहिलं की १८ मिनिटांच्या प्रतीला कोणी ती चुकून जोडत नाही. आणि २५ ची मूळ एसआरटी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. अनुवादात एखादा शब्द बदलला तर तो आधी त्या मूळ फाइलमध्ये बदला, मग तिच्यावरून प्रत्येक महोत्सवाची प्रत काढा. एका महोत्सवासाठी ताणलेली फाइल दुसऱ्यासाठी पुन्हा ताणली की कुठला फरक कुठून आला ते शोधायला पुन्हा तीन संवाद निवडून पहिल्यापासून मोजत बसावं लागतं.